आईची शुगर 7.9 आली आणि डॉक्टर म्हणतात चालेल

"आई 79 वर्षांची, डायबेटिस 22 वर्षांपासून. इतकी वर्षं तिची तीन महिन्यांची शुगर 6.4 च्या आसपास असायची, जुने डॉक्टर कौतुक करायचे. ते आता बसत नाहीत. नवीन डॉक्टरांनी दोन वेळची तीन औषधं एकत्र असलेली गोळी (ग्लिमेपिराइड 2, मेटफॉर्मिन, व्होग्लिबोज) बंद केली, आता मेटफॉर्मिन दोन वेळा आणि ग्लिमेपिराइड फक्त सकाळी 1 एमजी. परवा रिपोर्ट आला 7.9, लाल अक्षरात. डॉक्टर म्हणतात या वयात चालेल, उलट बरं आहे. बंगळुरूचा भाऊ म्हणतो डॉक्टर बदल, म्हातारी झाली म्हणून सोडून दिलंय तिला. आईही नाराज आहे. तसा तिला काही त्रास नाही, फक्त फेब्रुवारीत संकष्टीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे बाथरूममध्ये पडली, मनगट मोडलं, तेव्हा जरा असंबद्ध बोलत होती पण साखरेचा चहा दिल्यावर ठीक झाली. बीपीची गोळी चालू आहे, वजन 47, क्रिएटिनिन 1.2. जुनी गोळी परत सुरू करू का?"
– एक मुलगी, सांगली

ताई, आधी सरळ उत्तर देते. जुनी गोळी सुरू करू नका, आणि घरात तिची उरलेली पाकिटं असतील तर ती आईच्या डब्यातून आजच काढून ठेवा, कारण रिपोर्टवर नाराज असलेली माणसं "आज जरा आंबा झालाय" म्हणून परस्पर एक गोळी घेऊन टाकतात आणि ते कुणाला सांगतही नाहीत.

आता तुमच्या पत्राबद्दल. तुम्ही 7.9 वर चार ओळी लिहिल्यात आणि बाथरूममधल्या पडण्याआधी "फक्त" लिहिलंय. मला ते उलटं वाटतं. त्या पहाटे कुणी शुगर तपासली नाही म्हणून खात्रीने नाही सांगता येणार, पण एकदा ती रात्र माझ्यासोबत परत बघा.

संकष्टीचा दिवस. आईने सकाळी नेहमीची गोळी घेतली असणार कारण उपास असला तरी "गोळी चुकवायची नाही" हे आपल्याकडे पक्कं बसलेलं असतं. दुपारी साबुदाण्याची खिचडी, म्हणजे नुसता स्टार्च, शुगर पटकन वर गेली आणि काही तासांत खाली. संध्याकाळी सात-साडेसातला दुसरी गोळी, नेहमीच्या वेळेला. चंद्रोदय नऊ-साडेनऊचा, मग आरती, मग ताट, आणि इतका उशीर झाला की भूक मेलेली असते, 79 वर्षांची बाई एक मोदक आणि दोन घास वरणभात खाऊन उठते. ग्लिमेपिराइडला यातलं काही माहीत नसतं. ती गोळी स्वादुपिंडाला सांगत राहते की इन्सुलिन सोड, जेवण आलं असो वा नसो, आणि तिचा असर जवळपास 24 तास राहतो. रात्री आपण झोपलेले असताना लिव्हर साठवलेली साखर थोडी थोडी रक्तात सोडून आपल्याला सांभाळत असतं, पण अंगात इन्सुलिन जास्त असलं की लिव्हरचं तेही काम दबतं. मग पहाटे तीन-चारला शुगर 50-55 वर येणं अगदी शक्य आहे. माणूस लघवीला उठतो, तोल जातो, आणि उचलायला आलेल्या मुलीशी काहीतरी भलतंच बोलतो. त्यात साखरेच्या चहाने बरं वाटलं. असंबद्ध बोलणं चहाने बरं होतं तेव्हा बहुतेक वेळा त्यात चहापेक्षा साखरेचा हात असतो.

तुम्ही म्हणाल शुगर लो झाली असती तर तिला कळलं नसतं का, थरथर होते, धडधडतं, भूक लागते. हे चाळिशीतल्या माणसाला कळतं. वय वाढतं आणि डायबेटिस जुना होतो तसा शरीराचा हा अलार्म मंदावतो, आणि वारंवार लो होत असेल तर आणखी मंदावतो, कधीकधी पूर्ण बंदच पडतो. मग पहिली खूण थेट मेंदूची असते: गोंधळणं, जीभ जड होणं, चिडचिड, चालताना भेलकांडणं. घरचे म्हणतात झोपेत होती, वय झालं, विसरायला लागली. काही वेळा अर्धांगवायू समजून पळापळ होते आणि कॅज्युअल्टीत बोटाला सुई टोचल्यावर कळतं की शुगर 42 आहे. त्यात बीपीच्या गोळीचं नाव बघा, शेवटी "ओलॉल" असेल (मेटोप्रोलॉल, अटेनोलॉल वगैरे) तर ती धडधड आणि थरथर आणखी झाकते. घाम मात्र ती झाकत नाही. म्हणून पहाटे आईच्या मानेला, ब्लाऊजच्या पाठीला हात लावून बघा, उशी ओली आहे का बघा, गार घामाने कापड चिकटलं असेल तर आधी मीटर काढा, पंखा नंतर. (बीपीची गोळी याच्यासाठी बंद करू नका हां, ती हृदयासाठी लागत असेल.)

आणि किडनी. क्रिएटिनिन 1.2 म्हणजे लॅबच्या कागदावर जवळपास नॉर्मल, म्हणून ते तुम्ही शेवटी घाईत लिहिलंत. पण 79 वर्षांच्या बाईचं 1.2 आणि 30 वर्षांच्या पैलवानाचं 1.2 यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. वय धरून ईजीएफआर, म्हणजे किडनी किती गाळते तो आकडा, काढला तर आईचा साधारण 46 येतो, म्हणजे किडनीची चाळणी तरुणपणाच्या निम्म्यावर आलीय. त्यात वजन 47 किलो, अंगात स्नायूच कमी, आणि क्रिएटिनिन स्नायूंतूनच तयार होतं, तेव्हा खरी क्षमता त्याहूनही कमी असू शकते. ग्लिमेपिराइड लिव्हरमध्ये मोडतं पण त्यातून जे उरतं तेही थोडंफार शुगर उतरवतं आणि ते बाहेर पडतं किडनीतून. म्हणजे दहा वर्षांपूर्वी जी 2 एमजी तिला बरोबर बसत होती तीच आज अंगात जास्त वेळ रेंगाळते. गोळी तीच, डोस तोच, बाई बदलली. नवीन डॉक्टरांनी हे बघूनच डोस कमी केला असावा असा माझा अंदाज, आणि त्यांनी तो तुम्हाला दोन मिनिटं बसवून सांगायला हवा होता हेही खरं.

आता त्या 6.4 च्या कौतुकाकडे येऊ. एचबीए1सी, म्हणजे तुमची ती तीन महिन्यांची शुगर, ही सरासरी आहे. 6.4 म्हणजे सरासरी शुगर साधारण 137, आणि 7.9 म्हणजे साधारण 180. पण 137 ची सरासरी दोन प्रकारे येते, एक म्हणजे दिवसभर 110 ते 160 मध्ये राहून, आणि दुसरं म्हणजे जेवणानंतर 230 आणि पहाटे 55 होऊन. कागदावर दोघींचं 6.4 च. आईचं कुठल्या प्रकारचं होतं हे कुणी बघितलं नव्हतं. शिवाय ते लाल अक्षर छापलं जातं ते डायबेटिस आहे की नाही हे ठरवायच्या आकड्यांवरून, 5.7 च्या खाली नॉर्मल, 6.5 पासून डायबेटिस. ज्याला 22 वर्षं डायबेटिस आहे त्याची ट्रीटमेंट कुठवर न्यायची हे ते लाल अक्षर सांगत नाही, लॅबच्या कॉम्प्युटरला आईचं वय, पडणं, मनगट काही ठाऊक नसतं.

मग कमी शुगर चांगलीच, हे आपल्या डोक्यात बसलं कुठून? खोटं नाहीये ते. ब्रिटनमधल्या यूकेपीडीएस नावाच्या मोठ्या अभ्यासात (निकाल 1998 ला आले) शुगर आटोक्यात ठेवल्याने डोळे-किडनीचे त्रास कमी झाले, पण त्यातली माणसं सरासरी 53 वर्षांची, डायबेटिस नुकताच निघालेला, आणि फायदा दिसला तो जवळपास दहा वर्षांच्या काळात. पन्नाशीतल्या माणसाला मी आजही सांगते की 7 च्या आत ठेवा, पुढची तीस वर्षं डोळे वापरायचेत. नंतर अमेरिका आणि कॅनडात अकॉर्ड नावाचा अभ्यास झाला, 10,251 लोक, सरासरी वय 62, जुना डायबेटिस आणि हृदयविकार असलेले किंवा त्याचा धोका असलेले. त्यातल्या अर्ध्यांची शुगर 6 च्या खाली न्यायचा प्रयत्न केला. 2008 मध्ये तो कडक उपचार मुदतीआधीच थांबवावा लागला कारण त्या गटात मृत्यू जास्त झाले, 257, दुसऱ्या गटात 203. गंभीर लो तर साधारण तिप्पट. ते जास्तीचे मृत्यू नेमके लोमुळेच झाले असं सिद्ध झालेलं नाही, त्यावर अजून वाद आहे, पण जुना डायबेटिस असलेल्या वयस्कर माणसाची शुगर दामटून खाली नेण्यात फायदाच असतो हा समज तिथे मोडला.

म्हणून हिशेब असा मांडायचा: कडक शुगरचा फायदा आईला मिळायला आठ-दहा वर्षं लागणार, आणि शुगर लो होण्याचा तोटा आज रात्रीच होऊ शकतो. फेब्रुवारीत मनगटावर निभावलं. त्याच जागी खुबा मोडला असता तर ऑपरेशन, महिनाभर अंथरूण, आणि त्यानंतर ती पहिल्यासारखी चालली असती की नाही सांगता येत नाही. तुमचा भाऊ ज्याला "सोडून दिलं" म्हणतोय त्याला मी उलट म्हणेन की कुणीतरी पहिल्यांदा तिच्याकडे नीट बघितलं. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनच्या मार्गदर्शनात धडधाकट ज्येष्ठांना 7 ते 7.5 च्या आत सांगितलंय, आणि ज्यांना बरेच जुने आजार आहेत किंवा रोजच्या कामात मदत लागते त्यांना 8 च्या आत, उपाशीपोटी 90 ते 150, झोपताना 100 ते 180. फारच थकलेल्या, अंथरुणाला खिळलेल्या किंवा स्मृतिभ्रंश वाढलेल्या माणसाच्या बाबतीत तर एचबीए1सीच्या मागे लागूच नका, फक्त लो होऊ देऊ नका आणि जास्त शुगरने त्रास होईल इतकी वर जाऊ देऊ नका, एवढंच. तुमच्या आईचं 7.9 मधल्या कप्प्यात बसतं.

हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी एक गोष्ट मात्र इथेच सांगते नाहीतर उद्या कुणीतरी बाबांची गोळी बंद करून मोकळं होईल. धोका आकड्यात कमी आणि तो आकडा कुठल्या औषधाने आणलाय त्यात जास्त असतो. 72 वर्षांचे गृहस्थ रोज टेकडी चढतात, फक्त मेटफॉर्मिनवर आहेत, किंवा सोबत ग्लिप्टिन गटातली गोळी आहे (सिटाग्लिप्टिन, लिनाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन), आणि 6.5 आहे, तर त्यांचं छान चाललंय, उगाच शुगर वाढवायची गरज नाही, ही औषधं एकेकटी सहसा लो करत नाहीत. लो करतात ती दोन: इन्सुलिन, आणि ग्लिमेपिराइड-ग्लिक्लाझाइड-ग्लिबेनक्लामाइड हे कुटुंब. त्यातलं ग्लिबेनक्लामाइड तर वयस्कर माणसाला देऊच नये असं मानतात. तेव्हा घरातल्या ज्येष्ठांची पट्टी उलटी करून बारीक अक्षरं वाचा, आपल्याकडे दोन-तीन औषधं एकाच गोळीत असतात आणि ब्रँडच्या नावावरून आत काय आहे ते कळत नाही. पण वाचून स्वतः बंद करू नका, आणि "एसआर" किंवा "ईआर" लिहिलेली गोळी सुरीने अर्धी करू नका, ती हळूहळू विरघळायला बनवलेली असते, तुटली की सगळं एकदम सुटतं.

आता तुम्ही काय करायचं ते सांगते. एक आठवडा मीटरने तपासा: सकाळी उपाशीपोटी, रात्री जेवणाआधी, झोपताना, आणि त्यातल्या दोन रात्री पहाटे तीनला. तीनचं कुणाला नको असतं, पण तुमच्या आईच्या बाबतीत तेच सगळ्यात कामाचं. बोट टोचायच्या आधी हात साबणाने धुऊन पुसा, आंबा सोललेल्या बोटाने मीटर 300 दाखवतं आणि घरात गोंधळ उडतो. खर्च झेपत असेल तर दंडाला लावायचा दोन आठवड्यांचा सेन्सर एकदा लावा, त्यात रात्रीचा आलेख अख्खा दिसतो. वयस्कर माणसात 70 च्या खालचा वेळ दिवसाच्या एक टक्क्याहून कमी हवा, म्हणजे जेमतेम पंधरा मिनिटं. 70 च्या खाली एकदा जरी दिसलं तरी पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता डॉक्टरांना कळवा, कदाचित ती सकाळची 1 एमजी पण जाईल आणि तिच्या जागी लो न करणारं काही येईल. त्याच भेटीत हिमोग्लोबिनही विचारा, अंगात लोह कमी असेल तर एचबीए1सी खऱ्यापेक्षा जास्त दिसतं, आणि मग तुम्ही ज्या 7.9 वरून भांडताय ते मुळात 7.4 सारखं काही असू शकतं.

संकष्टी सोडा असं मी आईला सांगणार नाही, सांगून ऐकणार पण नाहीत. उपासाच्या दिवशी ग्लिमेपिराइड घ्यायची की नाही हे डॉक्टरांकडून आधीच चिठ्ठीवर लिहून घ्या. बहुतेक डॉक्टर त्या दिवशी ती वगळायला सांगतील. दर दोन-तीन तासांनी थोडं पोटात जाऊ द्या, ताक, शेंगदाणे, राजगिऱ्याची भाकरी, नुसत्या खिचडीपेक्षा हे बरं. आणि मीटरवर 70 च्या खाली आलं तर उपास तिथेच सुटला, चंद्राची वाट बघायची नाही, हे त्यांना आजच सांगून ठेवा, त्या क्षणी वाद घालायची ताकद दोघींतही नसते.

लो झालीच तर ग्लुकोज पावडर तीन-चार छोटे चमचे पाण्यात, पंधरा मिनिटं थांबायचं, परत तपासायचं, अजून 70 च्या खाली असेल तर परत तेवढंच. वर आली की मग पोळी, बिस्किट काहीतरी. पेढा-चॉकलेट कामाचं नाही, त्यातल्या तूप-स्निग्धाने साखर उशिरा चढते. आणि ज्यांच्या गोळीत व्होग्लिबोज आहे त्यांनी हे नक्की लक्षात ठेवा: व्होग्लिबोज आपली नेहमीची साखर आतड्यात फुटूच देत नाही पटकन, तेव्हा साखरपाणी, गूळ, चहा याने शुगर लवकर चढणार नाही, ग्लुकोजच हवं. किराणा दुकानात डबा मिळतो, एक फ्रिजवर आणि एक आईच्या उशाशी. शुद्धीवर नसेल, गिळता येत नसेल तर तोंडात काही घालू नका, कुशीवर वळवा आणि 108 ला फोन करा. ग्लिमेपिराइडने आलेली लो गोंधळ उडण्याइतकी गंभीर असेल तर शुगर वर आली, आई हसायला लागली तरी दवाखान्यात न्याच, ती काही तासांनी परत खाली घसरते, एक रात्र तरी लक्ष ठेवावं लागतं.

"चालेल" ला वरची हद्द पण आहे, ती भावाला आवर्जून सांगा म्हणजे त्याला कळेल की मोकळं सोडलेलं नाही. रक्तातली शुगर साधारण 180 च्या वर गेली की ती लघवीत उतरायला लागते (वयात थोडी उशिरा), मग रात्री चार-चार वेळा उठणं, पाणी कमी होणं, आणि त्यानेही माणूस पडतो. एचबीए1सी 8.5 च्या वर जाऊ लागलं, मीटरवर सतत 250 च्या वर यायला लागलं, तहान वाढली, वजन आपोआप उतरलं, लघवीला जळजळ किंवा खाज सुरू झाली, पायाची जखम आठवड्याभरात सुकेना, तर औषध वाढवायची वेळ आली असं समजून डॉक्टरांना दाखवा. आणि ताप-जुलाबात किंवा खाणं बंद असताना आई नुसती पडून राहायला लागली, हाक मारली तर ओ देईना, तर मीटर लावा, 300 च्या पुढे असो नाहीतर 60 च्या खाली, त्याच तासाला दवाखाना गाठा.